अठरा सेकंद गेले कुठे?

चॅटबॉटला प्रश्न विचारला की पडद्यावर तीन ठिपके हलत राहतात. विचारणाऱ्याच्या लेखी ती एकच वाट पाहणं असतं. आत मात्र दहा-बारा कामं एकामागून एक चाललेली असतात. आधीचं संभाषण शोधायचं, प्रश्न नीट मांडून घ्यायचा, कागदपत्रांतून उपयोगी मजकूर काढायचा, भाषा-मॉडेलला विचारायचं, त्याने मागितलेली माहिती दुसऱ्या एखाद्या यंत्रणेकडून आणायची, पुन्हा मॉडेलकडे जायचं आणि शेवटी उत्तर तपासून दाखवायचं. यातलं कुठलंही एक काम रेंगाळलं तरी बाहेर तेच तीन ठिपके दिसतात. म्हणून उत्तर उशिरा आलं की बहुतेक ठिकाणी निदान ठरलेलं असतं: मॉडेल स्लो आहे. मग मॉडेल बदललं जातं, बिल बदलतं, आणि कित्येकदा ठिपके पूर्वीइतकाच वेळ हलत राहतात.

नेमकं कुठे अडतंय हे कळायला प्रत्येक पायरीची नोंद लागते, आणि ती तीन गोष्टींची लागते: किती वेळ गेला, मॉडेलने किती टोकन वाचली आणि लिहिली, आणि बाहेरच्या कोणत्या टूलला किती वेळा हाक मारली गेली. या तीन नोंदी सुट्या पाहिल्या तर फारसं काही सांगत नाहीत. एका ओळीत शेजारी शेजारी आल्या की त्या एकमेकींचा अर्थ लावतात. वेळ जास्त आणि टोकनही जास्त, तर मॉडेल खरोखर लिहीत होतं. वेळ जास्त पण टोकन थोडी, तर कोणीतरी नुसतं थांबून होतं.

ही पद्धत चॅटबॉटपेक्षा जुनी आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये ‘डॅपर’ नावाच्या आपल्या अंतर्गत यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका शोधामागे शेकडो संगणक काम करत असतील, तर उशीर कुणामुळे झाला हे ओळखायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येक विनंतीला सुरुवातीलाच एक क्रमांक दिला. ती विनंती जिथे जिथे जाईल तिथे हा क्रमांक तिच्याबरोबर जायचा, आणि प्रत्येक ठिकाणी काम कधी सुरू झालं नि कधी संपलं याची नोंद त्याच क्रमांकाखाली व्हायची. पुढे ट्विटरने ‘झिपकिन’ आणि उबरने ‘येगर’ ही याच विचाराची साधनं सर्वांसाठी खुली केली. २०१९ मध्ये दोन मुक्त प्रकल्प एकत्र येऊन ‘ओपनटेलिमेट्री’ तयार झालं. अशा नोंदी कोणत्या नावांनी आणि कोणत्या रूपात ठेवायच्या याचा आज तोच सर्वमान्य संकेत आहे. भाषा-मॉडेलांसाठीही त्यात आता वेगळी नावं ठरली आहेत, उदाहरणार्थ वाचलेल्या टोकनांसाठी `gen_ai.usage.input_tokens`.

पूर्वी पत्रावर ते जिथून निघालं आणि जिथे पोचलं त्या टपाल कार्यालयांचे शिक्के तारखेसह असत. पत्र उशिरा आलं तर शिक्के पाहून ते कुठे अडकलं याचा अंदाज बांधता यायचा. ट्रेस म्हणजे प्रश्नावरचे असे सगळे शिक्के. फरक एवढाच की टपालाचे शिक्के एका रांगेत येतात, तर ट्रेसमध्ये एका कामाच्या पोटात दुसरं काम असतं. या प्रत्येक कामाच्या नोंदीला स्पॅन म्हणतात. स्पॅनला नाव असतं, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ असते, आणि तो कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे याची खूण असते. बाकी तपशील आपण जोडू तेवढे.

आता एक ट्रेस प्रत्यक्ष वाचू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली दुखणी या कामात नेहमी भेटणारी आहेत. समजा, घरपोच मराठी पुस्तकं पाठवणाऱ्या एका विक्रेत्याने आपल्या संकेतस्थळावर चॅटबॉट ठेवला आहे. साताऱ्याच्या एका वाचकाने रात्री त्यावर विचारलं: “मागच्या आठवड्यात मागवलेली पुस्तकं कुठवर आली? आणि त्यातलं एक परत करायचं असेल तर काय करावं लागेल?” उत्तर यायला १८ सेकंद लागले. त्या प्रश्नाचा ट्रेस असा:

```
chat.turn               18.0 s
  load_history           0.1
  rewrite_question       0.9
  search_docs            0.2
  rerank                 0.3
  llm.call_1             1.8   in  6200  out  40
  tool.get_order         0.2
  llm.call_2             2.0   in  6700  out  45
  tool.courier_status    4.0
    attempt_1            3.0   timeout
    attempt_2            0.9   ok
  llm.call_3             7.8   in 11400  out 310
  check_answer           0.7
```

वरून खाली वाचलं की गोष्ट उलगडते. आधी जुनं संभाषण आणलं. मग एका लहान मॉडेलने प्रश्न स्वतंत्रपणे समजेल असा लिहून घेतला. विक्रेत्याच्या नियमांच्या कागदांतून पुस्तक परत करण्याविषयीचे उतारे शोधले आणि त्यांतले चांगले वर आणले. हे सगळं दीड सेकंदात झालं. त्यानंतर मोठ्या मॉडेलला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही. “ऑर्डरची माहिती आणा” एवढंच सांगितलं. ऑर्डर आली. मॉडेलला पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणालं, “आता या पावती-क्रमांकाचं पार्सल कुठे आहे ते कुरिअरला विचारा.” कुरिअरचं उत्तर आलं. तिसऱ्या फेरीत मॉडेलने वाचकासाठी उत्तर लिहिलं. त्यात काही आक्षेपार्ह किंवा चुकीचं आश्वासन नाही ना, हे तपासलं, आणि मग ते पडद्यावर आलं.

मोठ्या मॉडेलच्या तीन फेऱ्या आणि लहान मॉडेलची एक, यांची बेरीज साडेबारा सेकंद भरते. म्हणजे “मॉडेल स्लो आहे” हे निदान बरोबरच होतं, असं इथे वाटू शकतं. या टप्प्यावर बरेच जण वाचन थांबवतात. खरी माहिती यानंतर सुरू होते.

सर्वांत मोठा आकडा ७.८ सेकंदांचा, तिसऱ्या फेरीचा. तो समजायला मॉडेल काम कसं करतं ते थोडं पाहावं लागतं. टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा, कधी पूर्ण शब्द तर कधी शब्दाचा भाग. मॉडेल दिलेला मजकूर वाचतं तेव्हा त्यातली टोकन एकदम, समांतर हाताळता येतात. म्हणून हजारो टोकन वाचायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. लिहिताना मात्र एकेक टोकन लिहावं लागतं, कारण पुढचं टोकन ठरवायला आधीचं हातात असावं लागतं. म्हणून मॉडेलच्या वेळेचे दोन भाग पाडून नोंदवायचे असतात: पहिलं टोकन बाहेर यायला लागलेला वेळ, आणि त्यानंतर लिहिण्याचा वेळ. आपल्या ट्रेसमध्ये ११,४०० टोकन वाचून पहिलं टोकन १.६ सेकंदांनी आलं. उरलेले ६.२ सेकंद ३१० टोकन लिहिण्यात गेले, म्हणजे सेकंदाला ५०. पहिल्या फेरीत ४० टोकन ०.८ सेकंदात लिहिली गेली. वेग तोच. याचा अर्थ तिसऱ्या फेरीत मॉडेल अडखळलं नव्हतं, त्याला लांब उत्तर लिहायला लावलं होतं.

हा ताळा प्रत्येक मॉडेल-स्पॅनला लावून पाहावा. लिहिलेली टोकन भागिले लिहिण्याचा वेळ, हा वेग सगळीकडे साधारण सारखा येत असेल तर वेळेचा हिशेब टोकनांनी लागला. एखाद्या फेरीत ४० टोकनांना सहा सेकंद लागलेले दिसले, तर मात्र तिथे लिहिण्याचं काम चालूच नव्हतं. बहुधा मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीने मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या आल्या म्हणून नकार दिलेला असतो, आणि आपल्या प्रोग्रॅममधल्या तयार लायब्ररीने कुणाला न सांगता थोडं थांबून पुन्हा विनंती पाठवलेली असते. बाहेरून तो एकच लांब स्पॅन दिसतो. प्रत्येक प्रयत्नाचा वेगळा स्पॅन ठेवला नसेल तर हे कधीच कळत नाही, आणि मॉडेलच्या नावाने बोल लागत राहतो.

कुरिअरच्या बाबतीत तसे वेगळे स्पॅन ठेवले होते, म्हणून तिथला प्रकार दिसला. ४.० सेकंदांतले तीन पहिल्या प्रयत्नात वाया गेले. तो प्रयत्न वेळमर्यादा संपेपर्यंत थांबून राहिला. दुसरा ०.९ सेकंदात यशस्वी झाला. एका ट्रेसवरून एवढंच सांगता येतं. मग गेल्या काही दिवसांतले या टूलचे सगळे स्पॅन काढून त्यांच्या वेळा आलेखावर मांडायच्या. समजा, तिथे दोनच ढीग दिसले: पाचातले चार प्रश्न ०.९ सेकंदाच्या आसपास आणि एक ४ सेकंदांच्या आसपास, मध्ये जवळपास काही नाही. यांची सरासरी दीड सेकंद येते. दीड सेकंद हा वेळ प्रत्यक्षात कुणाच्याही वाट्याला आलेला नाही, आणि रोजच्या अहवालात तोच छापला जातो. म्हणून या क्षेत्रातले लोक सरासरीवर विसंबत नाहीत. शंभरातल्या पंच्याण्णवाव्या प्रश्नाला किती वेळ लागला ते पाहतात, आणि त्याहून बरं म्हणजे आलेखाचा आकार पाहतात. मध्ये मोकळी जागा असलेले दोन ढीग दिसले तर टाइमआउट आणि पुन्हा प्रयत्न, हा संशय आधी घ्यावा. संथ चालणारी सेवा अशी दिसत नाही. तिच्या वेळा पसरलेल्या असतात.

आता प्रश्न असा की पहिला प्रयत्न फसतो का? इथे वेळेची नोंद अपुरी पडते. ज्या स्पॅनमध्ये पहिला प्रयत्न फसला, त्यांच्या आधी कुरिअरला शेवटची हाक कधी मारली होती ते काढायचं. आपल्या उदाहरणात असं दिसतं की दुपारी गर्दीच्या वेळी प्रयत्न फसत नाहीत, आणि रात्री उशिरा किंवा पहाटे, आधीच्या विनंतीला काही मिनिटं होऊन गेल्यावर मात्र फसतात. म्हणजे कुरिअरचा संगणक संथ नाही. दर वेळी नवी जोडणी करायला वेळ जातो म्हणून आपला प्रोग्रॅम एकदा झालेली जोडणी उघडी ठेवून पुन्हा वापरतो. बराच वेळ वापरात नसलेली जोडणी वाटेतलं एखादं फायरवॉल गुपचूप मोडून टाकतं आणि दोन्ही टोकांना काहीच कळवत नाही. आपली पुढची विनंती त्या मेलेल्या जोडणीवर जाते आणि कुणीच उत्तर देत नसल्याने तीन सेकंद पूर्ण वाट पाहते. दुसरा प्रयत्न नव्या जोडणीवर होतो, म्हणून लगेच जमतो. उपाय एका ओळीचा आहे: वापरात नसलेली जोडणी आपणच त्याआधी बंद करायची. वेळमर्यादा तीनवरून दहा सेकंद केली असती तर वाचकाने आणखी सात सेकंद वाट पाहिली असती, आणि टाइमआउट दिसला की अनेकांचा हात पहिल्यांदा त्याच आकड्याकडे जातो.

दुसरी फेरी, `llm.call_2`, दोन सेकंदांची. ती संथ नाही, पण ती मुळात हवी का? ऑर्डर हातात आली की कुरिअरचा पावती-क्रमांक तिच्यातच असतो. पुढे काय करायचं हे ठरवायला मॉडेलची गरज नाही. एखाद्या साध्या प्रोग्रॅमला ते कळतं. तरीही टूलं अशी बनवली आहेत की मॉडेलला मध्ये पडावंच लागतं: ऑर्डर आणण्याचं एक, कुरिअरला विचारण्याचं दुसरं. हजारो ट्रेसमध्ये या दोन टूल-हाका नेहमी याच क्रमाने, मध्ये एक मॉडेल-फेरी घेऊन येत असतील, तर त्या दोघींचं एकच टूल करावं. त्याने ऑर्डर आणावी, लगेच कुरिअरला विचारावं आणि दोन्ही उत्तरं एकत्र द्यावीत. एक अख्खी फेरी वाचते. टूलं एकमेकांवर अवलंबून नसतील तर ती एकाच वेळी सुरू करता येतात. इथे दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर लागतं, म्हणून तो मार्ग नाही. कोणत्या टूलाने कोणत्या टूलाची वाट पाहिली हे स्पॅनच्या सुरुवातीच्या वेळांवरून दिसतं. नुसत्या कालावधीवरून दिसत नाही.

टोकनांच्या रकान्यात आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या फेरीत ६,७०० आणि तिसऱ्या फेरीत ११,४००. मध्ये फक्त कुरिअरचं उत्तर आलं. म्हणजे एका पार्सलच्या ठावठिकाण्यासाठी ४,७०० टोकन आत आली. कुरिअरच्या यंत्रणेने पार्सल कुठे कुठे स्कॅन झालं त्याचा पूर्ण इतिहास, प्रत्येक केंद्राचा पत्ता, संकेतांक, सगळं पाठवलं, आणि आपण ते जसंच्या तसं मॉडेलपुढे ठेवलं. वाचकाला हवी होती ती शेवटची नोंद आणि पोचण्याची अपेक्षित तारीख. तेवढंच ठेवलं तर ऑर्डर आणि कुरिअर मिळून ७०० टोकनांत काम होतं. यातून वेळ किती वाचतो याची मात्र अवास्तव अपेक्षा नको. वाचणं समांतर होत असल्यामुळे इथे अर्धा सेकंद सुटेल. पैसे जास्त सुटतात: एका प्रश्नामागे वाचलेली एकूण टोकन २४,३०० होती. मधली फेरी आणि ही भर काढल्यावर ती १३,१०० उरतात. बिल वाचलेल्या टोकनांवरही लागतं.

याच रकान्यापासून आणखी एक दुखणं ओळखता येतं. मॉडेल-सेवांमध्ये अशी सोय असते की दोन विनंत्यांची सुरुवात अक्षरशः सारखी असेल तर त्या सुरुवातीचं आधी केलेलं काम पुन्हा वापरलं जातं. अशी किती टोकन पुन्हा वापरली गेली हा आकडा उत्तराबरोबर परत येतो. आपल्या चॅटबॉटच्या सूचना आणि टूलांची वर्णनं दर वेळी तीच असतात, त्यामुळे हा आकडा मोठा असायला हवा. तो सतत शून्य येत असेल तर सूचनांचा अगदी वरचा भाग पाहावा. पुष्कळदा तिथे कुणीतरी “आत्ताची वेळ” सेकंदांसकट लिहिलेली असते. ती दर विनंतीला बदलते, सुरुवात सारखी राहत नाही आणि पुढचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. वेळ सूचनांच्या शेवटी नेली की हा आकडा भरू लागतो.

मराठीत चालणाऱ्या चॅटबॉटला लिहिण्याचा वेळ अधिक सोसावा लागतो, आणि ते टोकनांत स्पष्ट दिसतं. मॉडेलचे टोकन ठरवणारे तक्ते मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडले, त्यामुळे देवनागरी शब्दांचे जास्त तुकडे पडतात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये ‘जीपीटी-४ओ’ आणताना नव्या तक्त्याची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यातला मराठीचा नमुना जुन्या तक्त्याने ९६ टोकनांचा होत असे, नव्याने ३३ चा झाला. त्याच मजकुराची इंग्रजी आवृत्ती २७ वरून २४ वर आली. लिहिण्याचा वेग सेकंदाला ५० टोकन असा धरला, तर जुन्या तक्त्यात ते मराठी वाक्य लिहायला जवळजवळ दोन सेकंद लागले असते आणि इंग्रजी वाक्याला अर्धा. मजकूर तोच, वाचक तितकाच घाईत. म्हणून उत्तराची भाषा ही स्पॅनवर नोंदवायची गोष्ट आहे, आणि मराठी, हिंदी, इंग्रजीच्या वेळा वेगळ्या काढून पाहायच्या. नाही तर इंग्रजी वापरणाऱ्यांच्या मोठ्या संख्येत मराठी वाचकांचा उशीर बुडून जातो आणि अहवालात सगळं ठीक दिसतं. मॉडेल निवडतानाही किंमत टोकनामागे पाहण्याऐवजी, आपल्याच शंभरेक मराठी उत्तरांना कोणतं मॉडेल किती टोकन लावतं ते मोजावं.

शेवटची पायरी, `check_answer`, ०.७ सेकंदांची, कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तरी या ट्रेसमधला वाचकाला सर्वांत जाचणारा दोष माझ्या मते तीच आहे. मॉडेल टोकन लिहीत जातं तसतसं ते पडद्यावर दाखवता येतं. त्यामुळे उत्तर पूर्ण व्हायला वेळ लागला तरी वाचायला लगेच सुरुवात होते. इथे तपासणी पूर्ण उत्तरावर होते, म्हणून सगळं लिहून होईपर्यंत काहीच दाखवता येत नाही. पहिलं टोकन ११.१ सेकंदांना तयार होतं आणि वाचकाला पहिला शब्द १८ व्या सेकंदाला दिसला. सात सेकंद उत्तर तयार होत होतं आणि झाकलेलं होतं. तपासणीच्या स्वतःच्या स्पॅनमध्ये हा खर्च कधीच दिसणार नाही. त्यासाठी “वाचकाला पहिला शब्द केव्हा दिसला” ही वेगळी नोंद ब्राउझरकडून घेऊन त्याच ट्रेसला जोडावी लागते. तपासणी काढून टाकणं हा उपाय नाही. ती वाक्यागणिक करता येते: एक वाक्य पूर्ण झालं की तपासायचं, दाखवायचं, तोवर पुढचं लिहिलं जात असतं.

आता हे सगळं लावून पुन्हा हिशेब करू. सुरुवातीचा दीड सेकंद तसाच. पहिली फेरी १.८. एकत्र केलेलं टूल १.१. दुसरी आणि आता शेवटची फेरी: पहिलं टोकन १.१ सेकंदांनी, म्हणजे एकूण साडेपाच सेकंदांना. पहिलं वाक्य लिहायला अर्धा सेकंद आणि तपासायला ०.४ धरले, तर वाचकाला ६.४ सेकंदांनी पहिलं वाक्य दिसतं. उत्तर ३१० ऐवजी १६० टोकनांत बसवलं तर नऊ सेकंदांच्या थोडं पुढे सगळं संपतं. मोठं मॉडेल तेच, त्याचा वेग तोच.

ही नोंद ठेवण्याच्याही मर्यादा आहेत. आतल्या स्पॅनची बेरीज बाहेरच्या स्पॅनपेक्षा कमी भरली, तर मधला वेळ अशा कामात गेला ज्यावर कुणी स्पॅन लावलेलाच नाही. ती पोकळी दिसली की आधी तिथे नोंद घालावी, अंदाज करत बसू नये. दोन वेगळ्या संगणकांची घड्याळं काही मिलीसेकंदांनी पुढेमागे असतात, त्यामुळे कधी आतलं काम बाहेरच्या कामाआधी सुरू झाल्यासारखं दिसतं. तेवढ्या फरकाचा अर्थ लावू नये. आणि रोजच्या लाखो प्रश्नांचे सगळे ट्रेस जपून ठेवणं परवडत नाही. सुरुवातीलाच नाणेफेक करून शंभरातला एक ठेवला तर नेमके संथ ट्रेस हातातून निसटतात. म्हणून प्रश्न संपल्यावर ठरवावं: ठरावीक वेळेपेक्षा लांबलेले आणि चूक झालेले सगळे ठेवायचे, बाकीच्यांतले थोडे.

एका बाबतीत फार जपायला हवं. साताऱ्याच्या त्या वाचकाच्या प्रश्नात, ऑर्डरच्या उत्तरात आणि कुरिअरच्या इतिहासात त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर असतो. टूलची उत्तरं जशीच्या तशी लॉगमध्ये टाकली तर हे सगळं तिथे साठतं, आणि लॉग पाहण्याची मुभा कंपनीत पुष्कळांना असते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. कायदा नसता तरी हे योग्य नव्हतंच. उशीर शोधायला मजकूर बहुतेक वेळा लागत नाही. टोकनांची संख्या, टूलचं नाव, प्रयत्नांची संख्या, भाषा, वेळ एवढं पुरतं. ओपनटेलिमेट्रीचा संकेतही हाच आहे की मजकूर आपोआप नोंदवायचा नाही, हवा असेल तर मुद्दाम चालू करायचा.

आणि वेळेची नोंद उत्तर बरोबर होतं का ते सांगत नाही. १६० टोकनांचं उत्तर नऊ सेकंदांत आलं, पण त्यात पुस्तक किती दिवसांत परत करायचं ते राहून गेलं, तर वाचक पुन्हा विचारेल आणि पुन्हा नऊ सेकंद थांबेल. प्रत्येक प्रश्नाचा ट्रेस सुटा पाहिला तर दोन्ही उत्तरं झटपट आली असं दिसेल. त्यासाठी एका संभाषणातले सगळे ट्रेस एका ओळखक्रमांकाखाली बांधावे लागतात. उत्तर आखूड केल्यानंतरच्या आठवड्यात संभाषणामागचे प्रश्न वाढले का, हे तिथे पाहायचं. वाढले असतील तर परत करण्याची मुदत सांगणारं ते वाक्य उत्तरात पुन्हा घालायचं. तीसेक टोकन, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ.